थर मोजा, मग चित्रावर विश्वास ठेवा

घराचा पाया खणण्याआधीच त्याचं रंगीत चित्र हातात येण्याचा हा काळ आहे. संगणकावर तयार केलेल्या या चित्राला व्यवसायात रेंडर म्हणतात. त्यात उघड्या विटांची, म्हणजे गिलावा न केलेली भिंत असेल, तर घरमालकालाही एक परीक्षा घेता येते. जमिनीपासून दाराच्या वरच्या कडेपर्यंत विटांचे थर मोजायचे. दार साधारण सात फुटांचं, म्हणजे २१०० मिलिमीटर उंच असतं. आपल्याकडच्या प्रमाणित विटेचा एक थर सांध्यासकट १०० मिमी उंच भरतो. म्हणजे थर २१ यायला हवेत.

चित्रात १२च थर आले, तर एकेक थर १७५ मिमीचा झाला. अशी वीट कुठल्याही भट्टीत मिळणार नाही. शिवाय विटेचा आकार आपल्या नजरेत इतका पक्का बसलेला असतो की मोठ्या विटा पाहून मन विटेला मोठं मानत नाही, इमारतीलाच लहान मानतं. दुमजली बंगला खेळण्यातल्या घरासारखा दिसू लागतो. चित्रात काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा ते खटकणं थराच्या उंचीत असतं.

विटेच्या अंगातलं गणित

भारतीय मानक आयएस १०७७ नुसार मॉड्युलर विटेचं माप १९० × ९० × ९० मिमी आहे. प्रत्येक बाजूला १० मिमीचा सांधा धरला की ते २०० × १०० × १०० होतं. वीट १९०ची असली तरी भिंतीत ती २०० मिमी जागा खाते. भिंतीचं सगळं गणित या दुसऱ्या मापाने चालतं.

विटेची लांबी आणि रुंदी यांचंही नातं ठरलेलं आहे. दोन विटांची डोकी शेजारी ठेवून मध्ये सांधा भरला, की ९० + १० + ९०, म्हणजे बरोबर १९० होतात. त्यामुळे विटेचं डोकं आणि अर्धी तोडलेली वीट, म्हणजे अद्धा, समोरून सारखेच दिसतात. थर एकमेकांवर अर्ध्या विटेने सरकवता येतात, कोपरा वळवता येतो, तो या नात्यामुळेच. ब्रिटिश विटेचं माप २१५ × १०२.५ × ६५ मिमी आहे. तिथेही १०२.५ची दुप्पट अधिक १० बरोबर २१५ होतात.

थराची उंची मात्र देशागणिक बदलते. ब्रिटिश विटेचा थर सांध्यासकट ७५ मिमीचा, म्हणून चार थरांत ३०० मिमी. अमेरिकी मॉड्युलर विटेचे तीन थर मिळून आठ इंच भरतात. रेंडर करणारे कलाकार विटांची तयार छायाचित्रं भिंतीवर चढवतात. या छायाचित्रांना टेक्श्चर म्हणतात आणि त्यांतली पुष्कळशी परदेशी भिंतींची असतात. त्यामुळे २१०० मिमीच्या दाराशेजारी २८ थर दिसले, तर चित्रात ब्रिटिश वीट आली आहे असं ओळखावं.

आपल्या भट्ट्याही मानकाप्रमाणेच वीट पाडतात असं नाही. महाराष्ट्रात इंचांतली वीट अजून सर्रास मिळते. तिची उंची तीन इंच, म्हणजे ७५ मिमी धरली, तर थर ८५ मिमीचा होतो आणि २१०० मिमीत पावणेपंचवीसच्या आसपास थर बसतात. म्हणजे दाराची वरची कड विटेच्या पोटातून जाणार. अशा वेळी दाराची उंची २१२५ करून पूर्ण २५ थर घ्यायचे, की सांधे किंचित कमी करायचे, हे चित्र काढतानाच ठरायला हवं. त्यासाठी जी वीट खरोखर लागणार आहे तिचं माप हवं. एकच वीट मोजून भागत नाही. मानकातसुद्धा वीस विटा सलग मांडून एकत्र लांबी घेतात, कारण भाजताना प्रत्येक वीट थोडी वेगळी आकसते.

रनिंग बाँड: एक भिंत सोडवून पाहू

विटा रचण्याच्या पद्धतीला बाँड म्हणतात. रनिंग बाँडमध्ये सगळ्या विटा लांबीने दिसतात आणि प्रत्येक थर खालच्या थरावर अर्ध्या विटेने सरकलेला असतो. त्यामुळे उभा सांधा दर थराला तुटतो आणि वरच्या विटेचं ओझं खालच्या दोन विटांवर वाटलं जातं. अमेरिकेतल्या वीटकामाच्या संहितेत रनिंग बाँड म्हणवून घ्यायला हे सरकणं विटेच्या लांबीच्या किमान पाव भाग असावं लागतं.

ही रचना दिसते याचा अर्थ भिंतीचा तो पदर अर्ध्या विटेच्या जाडीचा आहे. आत जाणारी आडवी वीट त्यात नाही. आजच्या बहुतेक घरांत भार काँक्रीटच्या खांबांवर असतो आणि विटेचा हा पदर धातूच्या पट्ट्यांनी मागच्या भिंतीला बांधलेला असतो.

आता समजा, घराची दर्शनी भिंत ४९९० मिमी लांब आहे. हा आकडा विचित्र वाटेल, पण २५ विटांचे ५००० होतात आणि शेवटच्या विटेनंतर सांधा नसतो, म्हणून १० वजा. भिंतीच्या मधोमध खिडकी आहे. तिचं उघडं माप १२१० मिमी, म्हणजे सहा विटांचे १२०० अधिक एक सांधा. उरलेल्या लांबीचे दोन सारखे भाग केले, की खिडकीच्या दोन्ही अंगांना १८९० मिमीची भिंत राहते. त्यात साडेनऊ विटा नेमक्या बसतात.

डावीकडच्या भागात एका थराची सुरुवात कोपऱ्यावर अख्ख्या विटेने होते. नऊ विटा झाल्या की खिडकीशी अद्धा येतो. वरच्या थरात उलट होतं. कोपऱ्यावर विटेचं डोकं दिसतं, पुढे नऊ अख्ख्या विटा आणि खिडकीची कड अख्ख्या विटेने संपते. कोपऱ्यावर दिसलेलं हे डोकं बाजूच्या भिंतीतल्या लांब विटेचं असतं. म्हणजे एका थरात वीट इकडे लांब तर तिकडे आखूड, पुढच्या थरात इकडे आखूड तर तिकडे लांब. खिडकीच्या उजवीकडे हेच आरशातल्यासारखं उलटं घडतं. सांध्यांच्या रेषा खिडकीखालच्या सलग थरांशी जुळतात आणि खिडकीच्या वरही तशाच चालू राहतात.

उंचीही अशीच सुटते. खिडकीची तळकड ९०० मिमीवर, म्हणजे नऊ थर झाल्यावर. वरची कड २१०० वर, म्हणजे २१ थर झाल्यावर. मजल्याची उंची ३००० असेल तर ३० थर पूर्ण. खिडकीच्या डोक्यावर विटा उभ्या मांडायच्या असतील, तर उभी वीट १९० अधिक सांधा १०, म्हणजे २०० मिमी घेते. तेवढ्यात आडवे दोन थर बसतात, त्यामुळे वरचा थर तुटत नाही.

आता याच भिंतीत कुणी सहज म्हणून १३५० मिमीची खिडकी टाकली तर? दोन्ही अंगांना १८२० मिमी भिंत उरते. एका थरात नऊ विटा संपून २० मिमीची फट राहते आणि रेंडरमध्ये तिथे विटेची २० मिमीची चकती दिसते. संगणकाला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याने विटांचं छायाचित्र खिडकीच्या कडेवर कात्रीने कापावं तसं कापलेलं असतं. गवंड्याला मात्र अशी चकती तोडताही येत नाही आणि टिकवताही येत नाही. तो ती गाळून उभे सांधे ताणेल. आठ सांध्यांत मिळून ११० मिमी भरायचे झाले, की एकेक सांधा १४ मिमीच्या जवळ जातो आणि खिडकीखालच्या थरांशी रेषा जुळेनाशा होतात. चित्रातली भिंत आणि बांधलेली भिंत इथे वेगळ्या होतात.

म्हणून रेंडरमधला रनिंग बाँड तपासताना भिंतीच्या मधल्या भागाकडे पाहून उपयोग नाही. तिथे सगळं बरोबरच असतं. कोपरा आणि खिडकीची कड पाहावी. कोपऱ्यावर एकाआड एक लांब आणि आखूड वीट आली पाहिजे. दोन्ही बाजूंनी प्रत्येक थरात अख्ख्या विटाच येऊन भिडल्या असतील, तर तो कागद चिकटवलेला खोका आहे. खिडकीच्या वर विटा आधाराशिवाय तशाच पुढे चालल्या असतील, तर तिथे लिंटेल किंवा आतला लोखंडी अँगल कुणी विचारातच घेतलेला नाही.

स्टॅक बाँड: सोपा दिसतो, सवलत देत नाही

स्टॅक बाँडमध्ये विटेवर वीट सरळ रचली जाते. उभा सांधा तळापासून वरपर्यंत एकाच रेषेत जातो. रचना सुटसुटीत आणि आधुनिक दिसते, म्हणून कॅफे, कार्यालयं आणि बंगल्यांच्या दर्शनी भिंतींसाठी तिची मागणी असते.

वरचीच भिंत स्टॅक बाँडमध्ये करायची म्हटलं, तर गणित अडतं. खिडकीच्या अंगाला साडेनऊ विटा येत होत्या. रनिंग बाँडमध्ये ती अर्धी वीट एकाआड एक थरात इकडून तिकडे जात होती, म्हणून चालून गेली. इथे थर सरकतच नाहीत, त्यामुळे खिडकीलगत नुसत्या अद्ध्यांचा एक उभा पट्टा तयार होतो. तो नको असेल तर २५ विटांची विभागणी बदलावी लागते. खिडकी पाच विटांची, म्हणजे १०१० मिमीची केली तर दोन्ही अंगांना दहा-दहा विटा बसतात. सात विटांची, म्हणजे १४१० मिमीची केली तर नऊ-नऊ. सहा विटांची खिडकी मधोमध बसवता येत नाही. बाँड बदलला की खिडकी बदलते, म्हणून केवळ टेक्श्चर बदलून 'हाही पर्याय पाहा' असं दाखवलेलं चित्र अपुरं असतं.

दुसरी अडचण विटेच्या मापातल्या फरकाची. आयएस १०७७ नुसार वीस विटांची मिळून लांबी ३८०० मिमी असावी आणि तीत ८० मिमीपर्यंत कमी-जास्त चालतं, म्हणजे सरासरीने दर विटेमागे ४ मिमी. रनिंग बाँडमध्ये हा फरक तुटक सांध्यांत मुरून जातो. स्टॅक बाँडमध्ये उभी रेषा सलग असल्याने तीन-चार मिमीचा फरकही ओळंब्याबाहेर गेल्यासारखा दिसतो. रेंडरमध्ये सगळ्या विटा तंतोतंत एका मापाच्या असतात. तशी भिंत हवी असेल तर निवडून घेतलेल्या किंवा यंत्रावर पाडलेल्या विटा लागतील, आणि ते खर्चाच्या अंदाजात आधीच धरावं लागेल.

तिसरी गोष्ट बळाची. उभे सांधे एका रेषेत असल्यामुळे तडा जायला सरळ वाट मिळते आणि ओझं बाजूच्या विटांवर पसरत नाही. म्हणून स्टॅक बाँडमध्ये आडव्या सांध्यांत सळी किंवा जाळी घालतात आणि पदर मागच्या भिंतीला नीट बांधतात. जमिनीपासून छतापर्यंत भार घेणारी स्टॅक बाँडची भिंत कुणी रेंडरमध्ये दाखवली, तर तिचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावा.

सातवा हिस्सा सांध्याचा

विटांच्या भिंतीत आपण विटेचा रंग निवडतो आणि मालाचा रंग गवंड्यावर सोडतो. पण हिशोब करून पाहा. विटेचा दर्शनी भाग १९० × ९० आणि ती खाते ती जागा २०० × १००. म्हणजे भिंतीचा जवळजवळ सातवा हिस्सा नुसता सांधा असतो. सांधा १० ऐवजी १५ मिमीचा झाला, की हा वाटा पाचव्या हिश्शापर्यंत जातो. करड्या मालाऐवजी पांढरा माल वापरला, तर लांबून तीच वीट फिकी दिसते. रेंडरमध्ये सांधा जाड दाखवला, की भिंतीची रंगछटाही खोटी ठरते.

सांध्याने काय साधता येतं, याचं नेमकं उदाहरण शिकागोतलं रॉबी हाऊस आहे. फ्रँक लॉइड राइट यांचं हे घर १९१० साली पूर्ण झालं. त्यात लांबट, बुटक्या विटा आहेत. आडवे सांधे आत खरवडलेले आणि फिक्या रंगाचे आहेत. उभे सांधे मात्र विटेच्याच रंगाने, विटेच्या पातळीपर्यंत भरलेले आहेत. त्यामुळे उभ्या रेषा नजरेआड होतात आणि सगळं घर आडव्या रेषांनी जमिनीलगत पसरल्यासारखं दिसतं. विटेइतकाच सांधाही त्या घराचं रूप ठरवतो.

सांध्याची खोलीही महत्त्वाची. दर्जा भरताना माल विटेच्या पातळीत ठेवता येतो, गोल सळईने किंचित आत दाबता येतो किंवा साधारण १० मिमी आत खरवडता येतो. खरवडलेल्या सांध्यात सावली पडते आणि भिंत उठून दिसते, म्हणून रेंडरमध्ये तोच जास्त वापरतात. पण विटेच्या वरच्या कडेवर अशा सांध्यात पाणी थांबतं. कोकणातल्या पावसात थेट भिजणाऱ्या भिंतीसाठी आत दाबलेला गोलसर सांधा बरा, कारण त्यातून पाणी निथळतं आणि दाबल्याने मालही घट्ट बसतो.

रेंडरमधली खोली खरी आहे की नाही, हे सावली सांगते. ऊन वरून येत असेल, तर आडव्या सांध्यात सावली वरच्या विटेच्या खाली पडायला हवी. सावली सांध्याबाहेर, खालच्या विटेच्या माथ्यावर पडलेली दिसली, तर माल आत न जाता बाहेर फुगला आहे, म्हणजे खोलीची किंमत उलटी लागली आहे. कोपऱ्याची कड पाहूनही कळतं. सांधे खरोखर आत गेलेले असतील, तर कोपऱ्यावर दर थराला बारीक खाच दिसते. कड पट्टीने ओढल्यासारखी सरळ असेल, तर खोली फक्त रंगाने भासवलेली आहे.

संगणकाला काय सांगायचं

ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये विटांची रचना आकड्यांनी तयार करणारी `Brick Texture` नावाची सोय आहे. दृश्य मीटरमध्ये असेल, तर आपल्या मॉड्युलर विटेसाठी आकडे असे:

```
Scale        1.0
Brick Width  0.2
Row Height   0.1
Mortar Size  0.005
Offset       0.5   (stack bond: 0)
Frequency    2
Squash       1.0
```

यात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. `Brick Width` मध्ये विटेचं १९० हे माप न देता सांध्यासकटचं २०० द्यायचं असतं. आणि `Mortar Size` म्हणजे पूर्ण सांधा नव्हे. तो प्रत्येक विटेच्या चारही कडांनी आत मोजला जातो, त्यामुळे शेजारच्या दोन विटांचे ५-५ मिळून १० मिमी होतात. तिथे ०.०१ लिहिलं, की सांधा २० मिमीचा होतो आणि भिंतीचा एक चतुर्थांशाहून जास्त भाग माल होऊन बसतो, कारण वीटही तितकीच लहान होते.

`Offset` शून्य केला की स्टॅक बाँड मिळतो. `Offset` ०.५ ठेवून `Squash` ०.५ केला, तर एक थर लांब विटांचा आणि एक डोक्यांचा, असा इंग्लिश बाँड तयार होतो. एकाच थरात लांब-आखूड विटा असलेला फ्लेमिश बाँड मात्र या आकड्यांनी निघत नाही. ही सोय पसरलेली जमीन धरून चालते. म्हणून उभ्या भिंतीवर दिशा फिरवून द्यावी लागते, आणि कोपऱ्यावर दोन्ही भिंतींतले थर एका उंचीला आणून विटा अर्ध्याने सरकवणं हे काम कलाकाराच्या हातचंच आहे.

तयार छायाचित्र वापरायचं असेल, तर ते भिंतीचा किती भाग दाखवतं हे आधी मोजावं. दहा विटा आणि वीस थर असतील, तर ते २ मीटर × २ मीटरचं आहे आणि तेवढ्यावरच पसरवायला हवं. रनिंग बाँडच्या छायाचित्रात थर समसंख्येत हवेत. विषम असतील तर जिथे छायाचित्र पुन्हा सुरू होतं, तिथे दोन थरांचे सांधे एकावर एक येतात.

इतकं साधं गणित असूनही चित्रात विटा मोठ्या का होतात, याला एक प्रामाणिक कारण आहे. समजा, ३० मीटर रुंदीची इमारत १९२० पिक्सेलच्या चित्रात बसवली. एका मीटरच्या वाट्याला ६४ पिक्सेल आले. १० मिमीचा सांधा पाऊण पिक्सेलही भरत नाही. सांधे पुसट होतात, ग्राहक म्हणतो विटा दिसत नाहीत, आणि कलाकार विटा दीडपट करून मोकळा होतो. खरं पाहता तेवढ्या अंतरावरून खऱ्या भिंतीचे सांधेही पुसटच दिसतात. तिथे विटांच्या रंगछटांमधला थोडा फरक दाखवावा आणि सांधे दाखवायला जवळून घेतलेलं दुसरं चित्र द्यावं.

तुमच्या घराचं रेंडर आलं, की आर्किटेक्टला एवढंच विचारा: वीट कोणत्या मापाची धरली, सांधा किती मिमीचा आणि दारापर्यंत थर किती. या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळाली, तर ती भिंत गवंडी बांधू शकेल. नाही मिळाली, तर खिडक्यांची मापं पक्की करण्याआधी चित्र परत पाठवा.